भाजीला चव का लागत नाही?

“भाजीले चवच नई.” रोज पिणाऱ्या माणसाच्या घरात ताटावरची भांडणं बहुतेक याच वाक्यावरून सुरू होतात. बायकोने मीठ नेहमीइतकंच घातलेलं असतं, काळा मसालाही तोच असतो. तरी तो वरून तिखट मागतो, दोन घास खातो आणि उठतो. घरचे याला नाटक म्हणतात. पुष्कळदा ते नाटक नसतं.

आधी हिशेब पाहू. एक क्वार्टर म्हणजे 180 मिली. तिच्यात सुमारे 43 टक्के मद्यार्क धरला, तर वजनाने साठेक ग्रॅम होतो. मद्यार्काच्या एका ग्रॅममधून सात किलोकॅलरी मिळतात. दोन क्वार्टर पिणाऱ्याच्या पोटात यातूनच साडेआठशेच्या आसपास किलोकॅलरी जातात, म्हणजे कळण्याच्या तीन भाकरींइतकी ऊर्जा. चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद घालून दळलेल्या पिठाच्या त्या तीन भाकरींतून तीसेक ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि मॅग्नेशियमची दिवसाची बरीचशी गरज भागते. दोन क्वार्टरमधून यातलं काहीच मिळत नाही.

जळगाव-धुळ्याकडचा साठ किलो वजनाचा एक शेतमजूर डोळ्यांसमोर आणा. माणूस कल्पित आहे, पण ओळखीचा वाटेल. त्याला रोज पन्नासेक ग्रॅम प्रथिनं लागतात. सकाळी मळमळ होते म्हणून तो नुसता चहा घेतो. दारूने जठराचं अस्तर सुजलेलं असल्याने दुपारी ठेचा झोंबतो. मग अर्धी भाकरी आणि वरणाचं वरचं पाणी, एवढंच जेवण. संध्याकाळी चखण्याला मूठभर शेव. रात्रीचं ताट झाकलेलंच राहतं. सगळं मिळून प्रथिनं पंधरा-वीस ग्रॅमच्या पुढे जात नाहीत. चखण्याला शेवेऐवजी शेंगदाणे असते, तर निदान मॅग्नेशियम तरी थोडं जास्त मिळालं असतं!

आता जस्त. आपल्या साध्या जेवणात ते मुळातच जेमतेम असतं, आणि धान्य-कडधान्यांतल्या फायटेटमुळे त्यातलंही थोडंच शोषलं जातं. त्यात दारूमुळे ते लघवीवाटे जास्त बाहेर पडतं. बॉस्टनमध्ये बर्ट व्हॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 साली यकृताच्या सिरोसिसच्या रुग्णांत रक्तातलं जस्त कमी असल्याचं दाखवलं होतं. जस्त कमी झालं की जिभेची चव मंदावते, जखमा लवकर भरत नाहीत, कधी रातांधळेपणाही येतो. चव गेली की ताट आणखी लहान होतं आणि जस्त आणखी घटतं. सुरुवातीची तक्रार पुष्कळदा या चक्रातून येते. तंबाखू आणि काही औषधांनीही चव जाते, त्यामुळे नुसत्या गोळीने ती परत येईलच असं नाही. मनाने महिनोन्महिने जस्ताच्या गोळ्या घेतल्या तर शरीरातलं तांबं कमी होतं, हेही ध्यानात असावं.

मॅग्नेशियमची कमतरता तपासणीत फसवते. दारूमुळे मूत्रपिंड ते धरून ठेवत नाही. उलट्या-जुलाबांतही ते जातं. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, हात थरथरतात, हृदयाचे ठोके चुकतात. पण शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी एक टक्काही रक्तात नसतं, म्हणून रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तरी साठा रिकामा असू शकतो. पोटॅशियम देऊनही वाढत नसेल, तर जाणता डॉक्टर मॅग्नेशियमकडे वळतो. एक खबरदारी मात्र हवी: दारू अचानक बंद केल्यावर थरथर सुटली, भास होऊ लागले किंवा झटके आले, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठायचा.

प्रथिनांची तूट वजनकाट्यावर नीट दिसत नाही, कारण यकृत बिघडल्यावर पोटात पाणी साठतं आणि वजन तेवढंच राहतं. सदरा खांद्यात ढिला आणि पँट कमरेला घट्ट होऊ लागली, कानशिलं खोल गेली, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागला, तर स्नायू झिजताहेत असं समजावं.

आणि नेमकं याच वेळी घरचे डाळ बंद करतात. कावीळ म्हटली की उसाचा रस, फुटाणे आणि बिनतेलाचं उकडलेलं, ही समजूत अजून घट्ट आहे. ती मला घातक वाटते. सिरोसिसच्या रुग्णाला उलट जास्त प्रथिनं लागतात, किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम. आपल्या साठ किलोच्या माणसासाठी ती सत्तर ते नव्वद ग्रॅम होतात. डाळ, दूध, दही, अंडी थोडी थोडी करून दिवसभरात द्यायची. झोपण्यापूर्वीही काही खायला हवं, कारण बिघडलेलं यकृत साखरेचा पुरेसा साठा ठेवू शकत नाही आणि रात्रीच्या उपवासात शरीर स्नायू मोडू लागतं. रावेर-यावलच्या घरांत केळी हाताशी असतात, पण एका केळात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम; सोबत दूध हवंच.

आठवडाभर जवळजवळ उपाशी राहिलेल्याला मात्र पहिल्याच दिवशी भरल्या ताटावर बसवू नये. अचानक भरपूर पिष्टमय आणि गोड खाल्लं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतं, आणि हृदय धोक्यात येऊ शकतं. ब 1 जीवनसत्त्व आधीच संपलेलं असेल तर मेंदूलाही इजा होते. म्हणून अशा माणसाला दवाखान्यात आधी हे जीवनसत्त्व देतात, रक्त तपासत राहतात आणि जेवण काही दिवसांत हळूहळू वाढवतात.