गर्भारपणातील रक्तदाब : घरची मोजणी आणि डॉक्टरांचा सल्ला

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर काही स्त्रियांचा रक्तदाब कोणतीही पूर्वसूचना न देता वाढू लागतो. दुखत-खुपत नसल्याने ही वाढ मोजल्यावाचून कळत नाही. तिकडे दुर्लक्ष झाल्यास आईला झटके येण्याचा आणि गर्भाची वाढ खुंटण्याचा धोका असतो. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात घरी रक्तदाब मोजण्याचा सल्ला यासाठीच दिला जातो. मात्र चुकीची मोजणी दिशाभूल करते.

मोजणीची पद्धत

यंत्र दंडावर पट्टा बांधण्याचे आणि गरोदर स्त्रियांसाठी पारखून घेतलेले असावे. पट्टा दंडाच्या घेराला साजेसा हवा. तो लहान पडल्यास आकडा खोटा वाढतो. मोजणीपूर्वी अर्धा तास चहा व मशेरी टाळावी आणि लघवीस जाऊन यावे. त्यानंतर पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पट्टा उघड्या दंडावर बांधावा आणि हात छातीच्या पातळीवर टेकवावा. हात खाली लोंबत राहिल्यास आकडा वाढतो; कुशीवर निजून वरच्या हातावर मोजल्यास तो घटतो. मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे, तारीख व वेळ वहीत नोंदवावी.

आकड्यांचा अर्थ

वरचा आकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा. दोहोंपैकी एक वाढला तरी पुरे. समजा, बत्तिसाव्या आठवड्यातील एका स्त्रीने पाण्याची कळशी उतरवून लगेच रक्तदाब मोजला आणि तो १४८/९६ आला. विश्रांतीनंतर तो १३६/९४ व पुढे १३४/९२ भरला. वरचा आकडा उतरला म्हणून घरची मंडळी निर्धास्त होतील. परंतु खालचा दोन्ही वेळा नव्वदीपलीकडेच आहे. अशा वेळी त्याच दिवशी दाखवावयास हवे. तेथे रक्तदाब पुन्हा मोजून लघवीतील प्रथिने व आवश्यकतेनुसार रक्त तपासले जाते. ही तपासणी घरचे यंत्र करू शकत नाही.

वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० अथवा त्याहून अधिक आल्यास पंधरा मिनिटांच्या आत पुन्हा मोजावे. तो तसाच राहिल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

तीव्र डोकेदुखी, नजरेसमोर अंधारी वा ठिणग्या, उजव्या बरगडीखाली दुखणे, धाप लागणे किंवा चेहऱ्यावर एकाएकी सूज दिसल्यास आकडा काहीही असो, तातडीने डॉक्टरांकडे जावे. एखादा आकडा चांगला आला म्हणून चालू असलेली गोळी स्वतःहून बंद करू नये. नोंदवही प्रत्येक तपासणीस बरोबर न्यावी. चढता कल डॉक्टरांना तीतूनच उमगतो.