‘क्रेडिटेड’ असं नेमकं कोण म्हणतंय?

घटस्थापनेच्या सुमाराला एका साइटवरून मिक्सर मागवला होता. २,८४९ रुपये, डेबिट कार्डाने भरलेले. आला तोच भांड्याला तडा घेऊन. परत करायची विनंती टाकली आणि ४ ऑक्टोबरला, शनिवारी, एक मुलगा येऊन खोकं घेऊन गेला. तो जिना उतरत असतानाच ऑर्डरच्या पानावर ‘रिफंड इनिशिएटेड’ उमटलं. ७ तारखेला ते ‘प्रोसेस्ड’ झालं आणि ८ तारखेला हिरव्या खुणेसह ‘क्रेडिटेड’. १६ तारखेपर्यंत खात्यात मात्र एक छदाम आलेला नव्हता.

साइटला फोन केला. “सर, आमच्याकडून क्रेडिट झालंय, बँकेत विचारा.” बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी खातं उघडून दाखवलं. “आमच्याकडे काहीच आलेलं दिसत नाही, कंपनीला विचारा.” या टोलवाटोलवीत दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय असं वाटत होतं, पण तसं नव्हतं. पानावरचे ते तीन शब्द दुकानाच्या वहीतले असतात, माझ्या बँकेच्या नव्हे. ही एवढी गोष्ट लक्षात यायला मला पंधरा दिवस लागले.

आपण कार्डाने पैसे भरतो तेव्हा ते सरळ दुकानाच्या खात्यात पडत नाहीत. मध्ये पेमेंट गेटवे चालवणारी कंपनी असते. तिच्यामागे दुकानाच्या बाजूची बँक, मग कार्डाचं नेटवर्क, आणि सगळ्यात शेवटी आपली बँक. परतीचे पैसे याच रस्त्याने उलटे येतात. ‘इनिशिएटेड’ म्हणजे दुकानाने “या माणसाला इतके परत द्या” असा हुकूम गेटवेला दिला, इतकंच. पैसा अजून हललेला नसतो. काही साइट खोकं उचललं की हा हुकूम सोडतात, काही गोदामात माल तपासून झाल्यावर. त्यानंतरही तो अडकू शकतो, कारण गेटवे परतीची रक्कम सहसा दुकानाच्याच जमा शिलकीतून कापतो. सेल संपल्यावर परत येणाऱ्या मालाचा ढीग पडलेला असतो आणि छोट्या दुकानाची गेटवेकडची शिल्लक आटलेली असते. मग हुकूम रांगेत पडून राहतो. पान चार-पाच दिवस ‘इनिशिएटेड’वरच थांबलं असेल तर बँकेत जाण्यात अर्थ नाही. बँकेला त्या पैशाची गंधवार्ताही नसते. तगादा दुकानालाच लावायचा.

‘प्रोसेस्ड’ म्हणजे गेटवेने ती रक्कम दुकानाच्या बाजूच्या बँकेकडे पुढे सरकवली. आपल्या कामाचा नंबर या टप्प्यावर तयार होतो, कधी त्याच दिवशी, कधी एक-दोन दिवसांनी.

आता ‘क्रेडिटेड’. दुकानाला आपलं पासबुक दिसत नाही, दिसण्याची सोयही नाही. गेटवेकडून “काम झालं” असा निरोप आला की पान हिरवं होतं. कुठे तर ठराविक दिवस उलटले की आपोआप होतं. अपवाद एकच. पैसे साइटच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये आले असतील तर ‘क्रेडिटेड’ शब्दशः खरं असतं, कारण ती वही त्यांचीच. म्हणून त्या शब्दाच्या शेजारी बारीक अक्षरात कुठे जमा झाले ते लिहिलंय का, हे आधी वाचावं. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये पेमेंट गेटवे चालवणाऱ्या कंपन्यांसाठी नियम काढले. ग्राहकाने स्पष्ट होकार दिल्याशिवाय परतावा मूळ मार्गानेच जायला हवा, असं त्यांत म्हटलं होतं. पण परतीचा अर्ज भरताना ‘लगेच हवेत? वॉलेटमध्ये घ्या’ असा गोल आधीच निवडलेला असतो आणि घाईत आपला होकार जातो.

माझं ‘क्रेडिटेड’ कार्डाचं होतं. चॅटवरच्या माणसाला तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा “बँक जमा झाल्याचं दाखवत नाही” ही तक्रार मी पुन्हा केली नाही. फक्त एवढंच लिहिलं, “या रिफंडचा एआरएन द्या.” दोन मिनिटांत नंबर आला. आधीच्या दोन्ही वेळी तो त्यांच्याकडे होताच, पण नाव घेऊन मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

एआरएन म्हणजे अ‍ॅक्वायरर रेफरन्स नंबर. ‘अ‍ॅक्वायरर’ ही दुकानाच्या बाजूची बँक. व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या व्यवहाराला हा २३ आकडी नंबर लागतो आणि तो वाचता येतो. पहिला आकडा प्रकाराचा. पुढचे सहा त्या बँकेची ओळख सांगतात. त्यापुढचे चार आपल्या कामाचे, कारण ती तारीख असते: वर्षाचा शेवटचा आकडा आणि वर्षातला कितवा दिवस. मग अकरा आकडे व्यवहाराचे आणि शेवटचा पडताळणीचा. माझ्या नंबरात आठव्या जागेपासून 5281 होतं. म्हणजे २०२५ सालचा २८१ वा दिवस. सप्टेंबरअखेर २७३ दिवस होतात, त्यात आठ मिळवले की ८ ऑक्टोबर. पानावर ज्या दिवशी ‘क्रेडिटेड’ झळकलं होतं, तो दिवस पैसे माझ्याकडे पोचल्याचा नव्हता, तर दुकानाच्या बँकेने ते रस्त्याला लावल्याचा होता.

तिथून पाच ते सात कामाचे दिवस धरतात. ११ तारखेचा दुसरा शनिवार आणि १२ चा रविवार वगळून मोजलं तर सातवा दिवस १७ तारखेला, शुक्रवारी येत होता. म्हणजे माझा आरडाओरडा एक दिवस लवकर सुरू झाला होता! १७ गेली, तेव्हा मात्र तक्रार रास्त ठरली.

यूपीआयने पैसे भरले असतील तर नंबर वेगळा, १२ आकडी. त्याला आरआरएन म्हणतात, पण अ‍ॅपमध्ये तोच यूटीआर नावाने दिसतो. त्यातही पहिला आकडा सहसा वर्षाचा आणि पुढचे तीन दिवसाचे असतात. यूपीआयची सोय अशी की हा नंबर बँकेच्या स्टेटमेंटमधल्या नोंदीतच छापलेला असतो, त्यामुळे स्टेटमेंट उघडून सरळ नंबर शोधायचा. इथे लोक दोन ठिकाणी फसतात. बँकेला परताव्याऐवजी मूळ खरेदीचा नंबर देतात, आणि बँक म्हणते, “हे तर गेलेले पैसे आहेत.” दुसरं, अ‍ॅपमध्ये आज जे खातं पहिलं आहे त्यात शोधत बसतात. परतावा ज्या खात्यातून पैसे गेले होते त्यातच येतो. माझ्या मेव्हणीचे ६०० रुपये महिनाभर तिच्या जुन्या पगाराच्या खात्यात स्वस्थ पडून होते.

ऑर्डर काही तासांतच रद्द केली असेल तर कधी कधी एआरएन निघतच नाही. क्रेडिट कार्डावर रक्कम नुसती अडवून ठेवलेली असते, ती सोडून दिली जाते आणि मूळ नोंदच पुसली जाते. अशा वेळी जमेची ओळ शोधत बसू नये, खर्चाची ओळ गायब झाली का ते बघावं.

एआरएन हातात आल्यावर मी पुन्हा शाखेत गेलो नाही. काउंटरवर खातं दिसतं, कार्डाच्या परताव्याच्या फाइली दिसत नाहीत, त्या कार्ड विभागाकडे असतात. कार्डाच्या पाठीमागे छापलेल्या नंबरावर फोन करून तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक घेतला आणि त्याच दिवशी मेल टाकला:

“कार्डाचे शेवटचे चार आकडे अमुक. २,८४९ रुपयांच्या परताव्याचा एआरएन सोबत दिला आहे, त्यातील तारीख ८ ऑक्टोबर २०२५. रक्कम खात्यात दिसत नाही. या एआरएनवर रक्कम आपल्याकडे आली आहे का, आली असल्यास कुठल्या खात्यात आहे आणि आली नसल्यास तसे, कृपया लेखी कळवावे.”

शेवटच्या वाक्यातला ‘लेखी’ महत्त्वाचा. बँकेने “आली नाही” असं लिहून दिलं, तर तो मेल जसाच्या तसा दुकानाला पाठवता येतो आणि त्यांना गेटवेकडे जाऊन माग काढावाच लागतो. खातंच बंद झालं असेल तर रक्कम आल्या वाटेने परत जाते. मग दुकान आपला खाते क्रमांक आणि आयएफएससी मागून घेतं आणि नव्याने पैसे पाठवतं. त्याचा नंबर अर्थातच नवा, जुना एआरएन तिथे संपला.

पीडितांच्या गप्पांत एक गोष्ट हमखास निघते: रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये मिळतात. सप्टेंबर २०१९ चं ते परिपत्रक खरं आहे, पण ते फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. म्हणजे खात्यातून पैसे गेले आणि दुकानाला पोचल्याचं कळलंच नाही, असे व्यवहार. नीट झालेल्या खरेदीचा माल परत केला तर ते लागू होत नाही. तिथे दुकानाविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटण्यासारखं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. दोन्हीकडे एआरएन आणि तक्रार क्रमांक हाताशी असावेत.

आणि गुगलवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ला फोन लावू नये. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. रिफंडसाठी पिन टाकायला सांगणारा माणूस आपल्या खात्यातून पैसे काढायलाच बसलेला असतो.

माझ्या मेलला चौथ्या दिवशी उत्तर आलं. रक्कम ९ ऑक्टोबरलाच बँकेत पोचली होती. मिक्सर मागवल्यानंतर पाच दिवसांनी माझं कार्ड पेट्रोल पंपावर हरवलं होतं आणि मी ते बंद करून नवं घेतलं होतं, हे मी साफ विसरलो होतो. परतावा बंद कार्डाच्या नंबरावर आला, त्याची गाठ खात्याशी आपोआप पडली नाही आणि बँकेच्या एका मधल्या खात्यात तो पडून राहिला. म्हणूनच मॅडमना माझ्या खात्यात काही दिसत नव्हतं. आणि दुकानाच्या वहीत ते पैसे कधीच देऊन झाले होते.

२४ ऑक्टोबरला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, २,८४९ रुपये जमा झाले. नोंदीत मिक्सरवाल्या साइटचं नाव नव्हतं, गेटवेचं होतं. शेजारी चार आकडे होते, हरवलेल्या कार्डाचे.