तुमचा बिघा किती फुटांचा?

राजस्थानातल्या गावात जमिनीचा सौदा बिघ्यावर ठरतो. खरेदीखत करायची वेळ आली, की मात्र एकर आणि चौरस मीटर लिहावे लागतात. तिकडे जमीन घेणारा किंवा वडिलोपार्जित हिस्सा विकणारा मराठी माणूस अशा वेळी मोबाइलवर ‘बिघा म्हणजे किती एकर’ असं शोधतो आणि जो आकडा आधी दिसेल त्याने गुणाकार करून मोकळा होतो. चूक होते ती तिथेच, कारण राजस्थानात बिघे दोन आहेत.

जमीन मोजायच्या साखळीला तिकडे जरीब म्हणतात. एक जरीब लांब आणि एक जरीब रुंद असा चौरस म्हणजे एक बिघा. काही भागांत जरीब १३२ फुटांची, काही भागांत १६५ फुटांची. पहिल्या जरिबीचा बिघा १७,४२४ चौरस फूट भरतो, दुसरीचा २७,२२५. बोलताना लोक त्यांना कच्चा आणि पक्का म्हणतात, पण पुष्कळदा नुसतंच ‘बिघा’ म्हणतात.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. आपला गुंठा ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद असतो. १३२ फुटांत असे ३३ चार वेळा बसतात आणि १६५ फुटांत पाच वेळा. म्हणून कच्चा बिघा चार चोक सोळा गुंठ्यांचा आणि पक्का पाच पाचे पंचवीस गुंठ्यांचा. ४० गुंठ्यांचा एकर धरला, की कच्चा बिघा ०.४ एकर होतो आणि पक्का ०.६२५ एकर. चौरस मीटरमध्ये तेच १६१८.७४ आणि २५२९.२९ भरतात.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. समजा, जमाबंदीच्या उताऱ्यावर एका खसरा नंबरापुढे ‘३-०७’ लिहिलं आहे. हे वाचायचं ३ बिघे ७ बिस्वे. वीस बिस्व्यांचा एक बिघा असल्यामुळे ७ बिस्वे म्हणजे ०.३५ बिघा, आणि एकूण ३.३५ बिघे. घाईत अनेक जण हा आकडा ३.७ असा घेतात. पक्क्या बिघ्याने एवढ्या एका चुकीत ८८५ चौरस मीटर, म्हणजे पावणेनऊ गुंठे, कागदावर फुकट वाढतात.

३.३५ पक्के बिघे असतील, तर २.०९ एकर किंवा ८४७३ चौरस मीटर. तेच कच्चे असतील, तर १.३४ एकर किंवा ५४२३ चौरस मीटर. उतारा तोच, आकडा तोच, आणि फरक मात्र तीस गुंठ्यांचा, म्हणजे पाऊण एकराचा. ‘चार बिघ्यांचा हेक्टर’ हा तोंडी हिशेबही खरेदीखतात घेऊ नये. त्याने पक्का बिघा २५०० चौरस मीटरचा होतो आणि या एका तुकड्यात ९८ चौरस मीटर कमी पडतात. अपूर्णांक शेवटपर्यंत तसेच ठेवावेत आणि शेवटी एकदाच पूर्णांकात आणावेत.

मग आपला बिघा कोणता, हे ओळखायचं कसं? पटवाऱ्याला ‘जरीब किती फुटांची’ एवढंच विचारावं. ‘बिघा केवढा’ असं विचारलं तर ‘बिघ्याएवढा’ असंच उत्तर मिळतं. त्याहून खात्रीचा मार्ग कागदात आहे. पुष्कळ गावांच्या नव्या जमाबंदीत क्षेत्र हेक्टरमध्ये आलं आहे. त्याच जमिनीचा जुना, बिघ्यातला उतारा मिळवा आणि हेक्टरच्या आकड्याला बिघ्याच्या आकड्याने भागा. उत्तर ०.२५ च्या आसपास आलं तर बिघा पक्का, ०.१६ च्या आसपास आलं तर कच्चा. दोन्हींच्या जवळपासही नसेल, तर जमिनीची मध्ये कधीतरी वाटणी झाली आहे किंवा नोंद चुकली आहे. अशा वेळी सौदा तिथेच थांबवून फेरफाराच्या नोंदी पाहाव्यात. चालू नोंदीत हेक्टर दिलेले असतील, तर खरेदीखतात तोच आकडा घ्यावा. बिघ्यावरून नवा काढू नये.

राजस्थानचं हे गणित दुसऱ्या प्रांतात चालत नाही. बंगालचा बिघा १४,४०० चौरस फुटांचा, म्हणजे सव्वातेरा गुंठ्यांचा आहे. आपल्याकडेही शिवकाळात बिघाच होता. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद असा तो मोजत, आणि १२० बिघ्यांचा एक चावर होई. तिथेही बिघा केवढा हे काठीच्या लांबीवरच ठरत असे.

खरेदीखतात क्षेत्र लिहिताना मूळ नोंद, बिघ्याचं माप आणि रूपांतर एकाच वाक्यात यावं: ‘३ बिघे ७ बिस्वे, १६५ फुटी जरिबीने, म्हणजे ८४७३ चौरस मीटर’. त्याखाली चारही बाजूंची लांबी आणि चतुःसीमा द्यावी. क्षेत्राचा आकडा आणि ठळक चतुःसीमा जुळत नसतील, तर न्यायालयात सहसा चतुःसीमेला वजन मिळतं. म्हणून सही करण्याआधी शेजाऱ्यांना बोलावून जमीन प्रत्यक्ष मोजून घ्या आणि त्या मोजणीचा नकाशा खरेदीखताला जोडा.