तक्रार कुणाच्या टेबलावर जाते?

बहरीनच्या ॲल्युमिनियम बहरीन, म्हणजे ‘अल्बा’ या कंपनीला कच्चा माल म्हणून लागणारी ॲल्युमिना ऑस्ट्रेलियाहून येत असे. माल जहाजातून थेट बहरीनला उतरायचा, पण काही वर्षं बिल मात्र मध्येच उभ्या केलेल्या तिसऱ्याच कंपनीचं यायचं, तेही चढ्या भावाने. त्या कंपनीने मालाला हातही लावलेला नसे. भावातल्या फरकाचा वाटा बहरीनमधल्या बड्या लोकांपर्यंत पोहोचत होता. अल्बाने 2008 मध्ये अमेरिकेत अल्कोआ या पुरवठादारावर दावा लावला. 2014 मध्ये अल्कोआच्या उपकंपनीने लाचखोरीचा गुन्हा कबूल केला आणि एकूण 38 कोटी 40 लाख डॉलर भरण्याचं ठरलं. अल्बाचे माजी सीईओ ब्रूस हॉल यांनीही ब्रिटनमध्ये गुन्हा कबूल केला. त्यांना 16 महिन्यांची कैद झाली.

आता असं समजा की खरेदी विभागातल्या एखाद्या हिशेबनिसाच्या हे लक्षात आलं. बिल ऑफ लेडिंगवर माल पाठवणारा एक, बिलावर विकणारा दुसरा, हे त्याला समोर दिसतंय. त्याने सांगायचं कुणाला? साहेबाला सांगावं, तर सर्वांत मोठा साहेबच त्यात गुंतलेला. अंतर्गत तक्रारपेटीची किल्ली व्यवस्थापनाकडे असेल, तर ती पेटी नसल्यासारखीच.

बहरीनच्या 2010 च्या कंपनी-कारभार संहितेने नेमकं इथे बोट ठेवलं. कर्मचाऱ्याला आर्थिक किंवा कायदेशीर गैरप्रकाराची शंका गुप्तपणे मांडता आली पाहिजे आणि ती थेट ऑडिट समितीच्या सदस्याकडे किंवा या बाबतीत थेट त्या समितीला उत्तरदायी असलेल्या अधिकाऱ्याकडे नेता आली पाहिजे, असं तिने सांगितलं. त्याच वर्षी अल्बाचे शेअर बाजारात आले. आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 177 शेअर बाजारातल्या सूचीबद्ध कंपन्यांना अशी यंत्रणा सक्तीची करतं. अपवादात्मक प्रसंगी ऑडिट समितीच्या अध्यक्षांना थेट गाठण्याची वाट त्यात आहे.

तक्रार कशी लिहिली आहे यावर बरंच अवलंबून असतं. ‘अमुक माणूस भ्रष्ट आहे’ असं लिहिलं तर ती द्वेषाची चिठ्ठी समजून बाजूला पडते. बिल क्रमांक, जहाजाची तारीख, दोन्ही भाव आणि पैसे गेलेलं खातं एवढं दिलं, तर तपासणाऱ्याला नाव न विचारताही पुढे जाता येतं. मात्र ही कागदपत्रं मोजक्याच चार माणसांनी पाहिली असतील, तर तपशिलावरूनच लिहिणारा ओळखू येतो. चांगला तपास करणारा म्हणूनच त्या एका व्यवहाराऐवजी वर्षभराची सगळी बिलं मागवतो.

बहरीनमधल्या मनामात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाची अडचण आणखी मोठी आहे. त्याचा राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी गेली की मुलांच्या शाळेपासून घरभाड्यापर्यंत सगळं एकदम डगमगतं. सूड घेणार नाही असं कंपनीचं धोरण सांगतं, पण कराराची मुदत संपल्यावर तो पुढे चालू न ठेवणं हा सूडच होता, हे सिद्ध कसं करायचं? भारतातही 2014 चा जागल्या संरक्षण कायदा लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे, आणि मंजूर होऊनही तो अमलात आणलेला नाही. खासगी कंपनीतल्या माणसाला आधार आहे तो कलम 177 चा आणि सेबीच्या नियमांचा. ऑडिट समितीकडे जाण्यापासून कुणालाही अडवलेलं नाही, असं कंपनीने वार्षिक अहवालात लिहून द्यायचं असतं. ते लिहिते कंपनीच. अडवलेल्या माणसाला त्या पानावर जागा नसते.