खोकला, झटका आणि फॉरवर्ड आलेले चित्र

व्हॉट्सॲपवर पुढे ढकलल्या जाणाऱ्या चित्रात बहुतेक वेळा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र चिकटवलेल्या असतात: एक छायाचित्र, त्यावरचा मजकूर आणि त्याला वजन यावे म्हणून जोडलेले एखाद्या डॉक्टरचे, रुग्णालयाचे किंवा संस्थेचे नाव. असे चित्र पाठवून कोणी फक्त ‘हे खरं आहे का?’ एवढेच विचारले, तर त्या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही. छायाचित्र खरे असून मजकूर खोटा असू शकतो. नाव खऱ्या संस्थेचे असते आणि तिने तसे काही म्हटलेलेच नसते. म्हणून हे तीन तुकडे सुटे करून एकेक तपासावे लागतात.

बातमीच्या चित्रात गफलत बहुधा छायाचित्र आणि मजकूर यांच्या जोडात असते. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा महाराष्ट्रात पसरल्या, तेव्हा मालेगाव भागात ओळीने ठेवलेल्या लहान मुलांच्या मृतदेहांची छायाचित्रे फिरत होती. ती बनावट नव्हती. ती २०१३ साली सीरियातल्या घौटा येथे झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यात दगावलेल्या मुलांची होती. मुले चोरून त्यांचे अवयव काढले जातात, ही गोष्ट त्यांना इथे जोडली गेली. याच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात भिक्षेसाठी फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ‘हे फोटो खोटे वाटत नाहीत’ असे त्या वेळी कोणी म्हटले असते, तर ते बरोबरच होते, आणि तरीही त्या चित्राचा सांगावा पूर्ण खोटा होता.

असा जोड पकडण्याचा मार्ग सोपा आहे. चित्रातला मजकूर कापून टाकायचा, नुसते छायाचित्र ठेवायचे आणि ते गुगल लेन्ससारख्या प्रतिमा-शोधात घालायचे. मजकुरासकट शोधले तर तेच फॉरवर्ड पुन्हापुन्हा समोर येते. मिळालेल्या निकालांतला सर्वांत जुना निकाल पाहायचा, कारण ‘काल घडलेल्या’ घटनेचे छायाचित्र पाच वर्षांपूर्वी छापलेले सापडले की प्रश्न मिटतो. उलट बाजू मात्र लक्षात ठेवायला हवी. शोधात काहीच सापडले नाही, तर चित्र खरे ठरत नाही. ते नवे असेल, उलटे फिरवलेले असेल किंवा एखाद्या व्हिडिओतून उचललेले असेल.

आरोग्याच्या चित्रात छायाचित्राला फारसा अर्थ नसतो. छाती धरून बसलेला माणूस कोणीही असू शकतो. तिथे मजकूर आणि नाव तपासावे लागते, आणि त्यासाठी खोकल्याच्या फॉरवर्डइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. १९९९ च्या सुमारास ते ईमेलमधून फिरत होते आणि नंतर अनेक भाषांत त्याची चित्रे झाली. मजकूर साधारण असा: एकटे असताना हृदयविकाराचा झटका आला, तर शुद्ध हरपायला फक्त १० सेकंद उरतात. तेवढ्यात खोल श्वास घेऊन जोराने खोका आणि मदत येईपर्यंत किंवा हृदय पूर्ववत होईपर्यंत दर दोन सेकंदांनी हेच करत राहा. श्वासामुळे ऑक्सिजन मिळतो, खोकल्यामुळे हृदय दाबले जाते. शेवटी, हे दहा जणांना पाठवा, एकाचा तरी जीव वाचेल.

मूळ इंग्रजी मजकुरात अमेरिकेतल्या रोचेस्टर जनरल हॉस्पिटलचे नाव होते. हे रुग्णालय खरे आहे, पण हा मजकूर आपला नसल्याचे त्याने स्पष्ट केले. अमेरिकन हार्ट असोसिएशन या हृदयरोगविषयक संस्थेनेही सर्वसामान्य लोकांसाठी या उपायाची शिफारस केलेली नाही. नाव तपासणे म्हणजे एवढेच: त्या संस्थेच्या स्वतःच्या ठिकाणी ते विधान आहे का, हे पाहणे. ‘एका मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितले’ असे लिहिलेले असेल, तर तपासायला काही हातच लागत नाही. तेव्हा त्या नावाला काहीच वजन देऊ नये.

आता मजकूर. झटका आणि हृदय बंद पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत आणि हे फॉरवर्ड त्यांची सरमिसळ करते. झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी धमनी बंद होते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, हृदय धडधडत असते, दुखणे कित्येक मिनिटे किंवा तास चालते. १० सेकंदांची मुदत तिथे लागूच होत नाही, आणि खोकल्याने धमनीतली गुठळी हलत नाही. हृदय बंद पडले तर मात्र काही सेकंदांतच शुद्ध हरपते, आणि बेशुद्ध माणूस खोकू शकत नाही. म्हणजे मजकुरातली मुदत एका आजाराची आणि लक्षणे दुसऱ्याची आहेत. एवढी विसंगती वैद्यकीय ज्ञान नसलेल्या वाचकालाही, दोन शब्दांचे अर्थ शोधले तर, दिसू शकते.

तरीही या खोट्याच्या पोटात खऱ्याचा एक दाणा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय उत्तर प्रामाणिक होत नाही. १९७६ मध्ये क्रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले की अँजिओग्राफी चालू असताना हृदयाची लय अचानक बिघडलेले काही रुग्ण सांगितल्याबरोबर दर एक ते तीन सेकंदांनी खोकत राहिले आणि जास्तीत जास्त ३९ सेकंद शुद्धीवर राहिले. पण तिथे रुग्ण टेबलावर होता, पडद्यावर लय दिसत होती, त्याच क्षणी खोका म्हणणारे डॉक्टर शेजारी होते आणि विजेचा झटका देणारे यंत्र हाताशी होते. घरात एकट्या माणसाला यातले काहीच नसते. दिशाभूल करणाऱ्या काही आरोग्य-चित्रांमागे असा एखादा खरा प्रयोग असतो, त्याच्या अटी वाटेत गळून पडलेल्या असतात.

झटका आलेला माणूस खोकत बसला, तर मोलाची वेळ जाते. बंद झालेली धमनी जितक्या लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो. म्हणून विचारणाऱ्याला नुसते ‘खोटं’ असे कळवणे अपुरे पडते. त्याने बहुधा ते चित्र मनात साठवून ठेवलेले असते, वेळ आली तर असे करू, म्हणून. त्या जागी दुसरे काही ठेवावे लागते. खोकल्याच्या चित्राला उत्तर असे देता येईल: ‘काका, हे खरं नाही. हॉस्पिटलने स्वतःच आपला मजकूर नाही म्हणून सांगितलंय. ऑपरेशनच्या टेबलावर काही सेकंदांसाठी उपयोग झाला होता, घरी नाही. छातीत दाबल्यासारखं दुखलं, घाम आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर लगेच १०८ ला फोन करा, दाराची कडी काढून ठेवा आणि बसून राहा. स्वतः गाडी चालवत निघू नका. समोरचा माणूस बेशुद्ध पडला आणि नीट श्वास घेत नसेल, तर फोन करून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब द्यायचा.’

प्रत्येक चित्राचा निकाल असा लागतोच असे नाही. काहींचे छायाचित्र सापडत नाही, नाव धूसर असते, मजकुरात पडताळता येण्याजोगे काहीच नसते. त्या वेळी ‘ठरवता येत नाही’ हेच उत्तर आहे, आणि त्यासोबत काय काय तपासले आणि कुठे अडले हे सांगितले, तर विचारणाऱ्याला तो धागा पुढे स्वतः धरता येतो.