फोन करण्याआधीच निघून जाणारे पालक

घरी येऊन शिकवणाऱ्या शिक्षकांची सोय करणाऱ्या वेबसाइटवर 'नेहमीचे प्रश्न' असा एक विभाग असतो आणि त्यात 'आमचीच निवड का करावी?' हा प्रश्न हमखास असतो. कुठल्या आईने हे कधी फोनवर विचारलं असेल, असं वाटत नाही. चालकाला स्वतःची जाहिरात करायची असते, तिला प्रश्नचिन्ह लावलं की झालं काम! पालकाच्या मनातली शंका मात्र तशीच राहते आणि तो चौकशीचा फॉर्म न भरताच बाहेर पडतो.

खऱ्या शंका शोधायच्या तर फोन घेणाऱ्या व्यक्तीजवळ आठवडाभर वही ठेवावी. 'घरी विचारून कळवते' असं म्हणण्याच्या आधी पालकाने शेवटचं काय विचारलं, ते त्याच्याच शब्दांत टिपावं. अडलेला मुद्दा बहुधा तिथेच असतो. वेबसाइटवरचा प्रश्नही त्याच शब्दांत लिहावा. 'शुल्करचना कशी आहे?' असं कुणी विचारत नाही. 'महिन्याला साधारण किती पडतील?' असं विचारतात.

याच प्रश्नाचं उत्तर सर्वांत जास्त टाळलं जातं. 'फी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार ठरते' हे वाक्य खोटं नाही, पण पालक त्याचा अर्थ 'परवडणार नाही' किंवा 'माणूस बघून सांगतात' असा घेतात. त्यापेक्षा एक हिशेब मांडून दाखवावा. समजा, आठवीचा सेमी इंग्रजीचा मुलगा आहे, गणित आणि विज्ञान शिकवायचं आहे, आठवड्यातून तीन दिवस दीड-दीड तास. तासाला 400 रुपये धरले, तर बारा दिवसांचे अठरा तास, म्हणजे 7,200 रुपये. पण एखाद्या महिन्यात तेरावा दिवस येतो आणि बिल 7,800 वर जातं. हा तेरावा दिवस आधी सांगितला नाही, तर पहिल्याच महिन्यात कुरबुर सुरू होते. त्याखाली दोन ओळी आणखी हव्यात: सर आले नाहीत तर तास भरून मिळतो की पैसे कमी होतात, आणि मुलगा आजारी पडला तर किती आधी कळवायचं. दर वर्गागणिक बदलत असेल, तर कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा द्यावा. ज्यांना तो झेपणार नाही ते फोन करणार नाहीत, पण ते करणारही नव्हतेच.

दुसरी शंका पालक सहसा तोंडावर बोलून दाखवत नाहीत. अनोळखी माणूस घरात येणार, आई-बाबा ऑफिसात, घरी मुलगी आणि आजी. 'आमचे सर्व शिक्षक व्हेरिफाइड आहेत' एवढ्याने ही काळजी मिटत नाही, कारण काय तपासलं ते त्यात कुठेच नाही. कुठलं ओळखपत्र पाहिलं, पदवीचं मूळ प्रमाणपत्र पाहिलं की नुसती झेरॉक्स, पोलिसांकडचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र घेतलं का आणि ते किती जुनं आहे, हे सांगावं. त्याची मर्यादाही सांगावी: त्या तारखेपर्यंतच्या पोलीस नोंदींपलीकडे ते काही सांगत नाही. म्हणून पुढे व्यवहारातले नियम लिहावेत. शिकवणी हॉलमध्ये, दार उघडं, घरात एक मोठं माणूस हजर. मुलीसाठी शिक्षिकाच हवी असेल तर तसं मागता येतं, पण त्या भागात कुणी नसेल तर थांबावं लागेल, हेही तिथेच सांगून टाकावं.

इथे फुशारकी अंगाशी येते. 'नामांकित शाळांचे शिक्षक घरी येतील' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसतं. पण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 28 शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई करतं. हे ठाऊक असलेला पालक बिचकतो. शिक्षक निवृत्त असतील तर निवृत्त म्हणावं, बी.एड. करणारे असतील तर तेही सांगावं.

उरली एक बारीक शंका, आणि तीच अगदी शेवटच्या क्षणी नडते: 'नंबर दिला की दिवसभर फोन येत राहतील का?' याचं उत्तर वेगळ्या पानावर असून उपयोग नाही. फॉर्ममधल्या मोबाइल नंबरच्या रकान्याखालीच ते असावं: 'आमच्याकडून संध्याकाळी सहा ते आठमध्ये एकच फोन येईल. तुमचा नंबर तुम्ही होकार दिल्याशिवाय शिक्षकांना दिला जाणार नाही.' अर्थात ऑफिसला हे पाळणं जमणार असेल तरच लिहावं.

उत्तर लिहिताना पहिल्या वाक्यात हो, नाही किंवा आकडा यावा; अटी त्यानंतर. मोबाइलवर वाचणारा पालक दुसऱ्या वाक्यापर्यंत थांबेलच असं नाही. आणि महिनाभराने ती वही पुन्हा काढावी. फीचा प्रश्न फोनवर तसाच येत असेल, तर उत्तर सापडत नाही किंवा पटत नाही. त्याऐवजी 'तेरावा दिवस आला तर पुढच्या महिन्यात वळता करता का?' असं कुणी विचारू लागलं, तर उत्तर वाचलं गेलं आहे आणि ही नवी ओळ त्यात घालायला हवी.