बँक्वेट कॅप्टनचा राजीनामा: पत्रात काय हवं?

हॉटेल मॅनेजमेंट शिकायला नोकरी सोडताय? मग राजीनाम्यात दोन गोष्टी स्पष्ट हव्यात: शेवटचा दिवस आणि कामाचा ताबा.

आधी नेमणूकपत्रातला नोटीस पीरियड बघा. समजा तो ३० दिवसांचा आहे आणि कॉलेज ऑगस्टच्या सुरुवातीला आहे. मग २५ जूनला पत्र द्या आणि २५ जुलै ही तारीख त्यात लिहा. ‘लवकरात लवकर मोकळं करावं’ असं लिहिलं, की तारखेवरून घोळ होतो.

मजकूर एवढा पुरे:

‘महोदय, तीन वर्षांच्या हॉटेल मॅनेजमेंट पदवीसाठी मला प्रवेश मिळाला आहे. म्हणून बँक्वेट कॅप्टन पदाचा राजीनामा देत आहे. २५ जुलै हा माझा शेवटचा दिवस असेल. त्यानंतरच्या बुक झालेल्या समारंभांची माहिती आणि कटलरी-लिननची मोजदाद मी लेखी सोपवेन. कृपया रिलीव्हिंग लेटर व अनुभवपत्र द्यावे.’

ताब्याचं वाक्य महत्त्वाचं आहे. प्रत्येक समारंभाच्या फंक्शन प्रॉस्पेक्टसमध्ये पाहुण्यांची संख्या आणि मेन्यू असतो, पण ‘जैन जेवणाचा काउंटर वेगळा लावा’ असं यजमानांनी ऐनवेळी फोनवर सांगितलेलं बरेचदा फक्त कॅप्टनला माहीत असतं. ते लिहून द्या. चमचे, नॅपकिन नव्या कॅप्टनसमोर मोजून सही घ्या, म्हणजे नंतर निघालेली तूट तुमच्या नावावर येत नाही.

पत्र ईमेलनेही पाठवा. अनुभवपत्र हातात पडलं, की हुद्दा तपासा. तिथे ‘स्टुअर्ड’ लिहिलं असेल, तर लगेच दुरुस्त करून घ्या.